जाहिरातीचा उतारा किती धरायचा?

गणपती विसर्जन होऊन चारच दिवस झाले होते. कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत दादाच्या दुकानात बसलो होतो. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. दुकान त्याच्या आजोबांपासूनचं, पण दोन वर्षांपूर्वी त्यानं स्वतःची वेबसाइट काढली आणि फेसबुक-इन्स्टाग्रामवर, थोड्याफार गुगलवर, जाहिराती द्यायला सुरुवात केली. त्या जाहिरातींचा हिशेब मी बघतो. काउंटरवर कापशी चपलांचा ढीग होता, तेल प्यायलेल्या कातड्याचा वास सुटला होता आणि त्या ढिगाच्या मधोमध वही ठेवून दादा मागच्या पानावर आकडे मांडत होता.

"हे बघ. जानेवारीत साठ हजार घातलं, दीडशे ऑर्डरी आल्या. आता दिवाळीला एक लाख वीस हजार घालतो. तीनशे ऑर्डरी. पंधराशेनं साडेचार लाख. सोपं हाय की!"

दुसऱ्या हातात फोन तयारच होता. सुभाषनगरच्या कारागिरांना तीनशे जोडांची ऑर्डर आणि उचल द्यायची होती. मी म्हटलं, दोन दिवस थांब. दादाच्या गुणाकारात चूक नव्हती. तरीही तो तीनशेचा आकडा मला पटला नाही. का पटला नाही आणि त्या जागी कोणता आकडा आला, तेच इथे सविस्तर लिहितो. स्वतःचा माल ऑनलाइन विकणाऱ्या कोणालाही हेच गणित करावं लागतं.

आपल्याकडे उतारा हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. शंभर किलो उसातून बारा किलो साखर निघाली, तर उतारा बारा टक्के. जाहिरातवाले ज्याला कन्व्हर्जन रेट म्हणतात, तो हाच उतारा. जाहिरातीवर शंभर जणांनी क्लिक केलं आणि दोघांनी चप्पल घेतली, तर उतारा दोन टक्के. आता कारखान्याचं साधं ज्ञान आठवा. उतारा हंगामभर एकसारखा राहत नाही. गाळप सुरू होतं तेव्हा तो कमी असतो, थंडीत चढतो आणि उन्हं तापली की उतरतो. तोडलेला ऊस गाडीत वाळत पडला तरी उतरतो. जवळच्या फडातला ताजा ऊस संपला आणि लांबून गेटकेन आणावा लागला, की वाहतूक वाढते आणि ऊस शिळाही होतो. कुठलाही शेती अधिकारी जानेवारीचा उतारा घेऊन अख्ख्या हंगामाची साखर मोजणार नाही. जाहिरातीत मात्र आपण सगळे तेच करतो.

आधी साधी साखळी बघू.

```
विक्री = बजेट ÷ एका क्लिकचा खर्च × उतारा × सरासरी बिल
```

दादाच्या जानेवारीचे आकडे घाला. ६०,००० रुपये, एक क्लिक ८ रुपयांना, म्हणजे ७,५०० क्लिक. त्याचे दोन टक्के म्हणजे १५० ऑर्डरी. सरासरी बिल १,५०० रुपये, जीएसटी वगळून. विक्री २,२५,००० रुपये. शीटमध्ये हे चार आकडे एकाखाली एक लिहून `=B1/B2*B3*B4` एवढंच टाकलं की काम झालं. सूत्रात अवघड काहीच नाही. अवघड आहे ते त्या चार खणांत कोणता आकडा भरायचा हे ठरवणं. त्यातही बजेट दुप्पट केलं की मधले दोन खण, म्हणजे क्लिकचा खर्च आणि उतारा, जागचे हलतात. दादाच्या हिशेबात ते जिथल्या तिथं राहिले होते.

पण त्याआधी एक पायरी आहे, जी बरेच जण गाळतात. ते दीडशे खरोखर जाहिरातीतून आले होते का?

जानेवारीत फेसबुक-इन्स्टाग्रामचं पॅनेल आणि गुगलचं पॅनेल यांच्यावरच्या ऑर्डरींची बेरीज १८३ होत होती. वेबसाइटच्या रजिस्टरला मात्र त्या महिन्यात सगळ्या वाटांनी मिळून १७१ ऑर्डरी होत्या. एकूण ऑर्डरींपेक्षा जाहिरातीच्या ऑर्डरी जास्त, हे होणारच नाही. तरी ते दिसतं, कारण प्रत्येक पॅनेल आपापल्या नियमानं मोजतं. मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामवाल्या कंपनीच्या, पॅनेलवर मूळची रीत अशी असते, की जाहिरातीवर क्लिक केल्यापासून सात दिवसांत किंवा नुसती जाहिरात दिसल्यापासून एका दिवसात माणसानं खरेदी केली, तर ती जाहिरातीच्या खात्यात जमा. पुण्यातल्या एखाद्या जुन्या गिऱ्हाईकानं सकाळी इन्स्टाग्रामवर चप्पल बघितली, दुपारी गुगलवर दुकानाचं नाव शोधून जाहिरातीवर क्लिक केलं आणि संध्याकाळी घेतली, तर दोन्ही पॅनेल ती एकच ऑर्डर आपली म्हणून दाखवतात. आणि तो माणूस जाहिरातीशिवायही आला असता, ही शक्यता दोघांच्याही हिशेबात नाही.

माझी रीत साधी आहे. जाहिरात पूर्ण बंद होती त्या महिन्यांत वेबसाइटवर किती ऑर्डरी आल्या ते बघायचं. दादाकडे असे महिने होते आणि त्यांची सरासरी २१ निघाली. मग कुठल्याही महिन्याच्या एकूण ऑर्डरींतून २१ वजा करायच्या. उरतील त्या जाहिरातीच्या. जानेवारीच्या १७१ मधून २१ गेले, १५० राहिले. म्हणजे दादाचा दीडशेचा आकडा बरोबर होता, कारण तो मीच काढून दिला होता. पॅनेलवरचे १८३ धरले असते, तर अंदाज पहिल्याच पायरीवर वीस-बावीस टक्के फुगला असता. ज्यांनी जाहिरात कधी बंदच केली नाही, त्यांनी एखाद्या मंद महिन्यात दोन आठवडे ती बंद ठेवून बघावी. तेवढ्या दिवसांची विक्री थोडी जाईल, पण त्यातून मिळणारा आकडा पुढे वर्षभर कामाला येतो.

आता ऑर्डर आणि विक्री यांतलं अंतर. दादाच्या डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीच्या मिळून ३२५ जाहिरातीच्या ऑर्डरी होत्या. त्यांपैकी १९५ सीओडीच्या, म्हणजे माल दारात आल्यावर पैसे देणाऱ्यांच्या, आणि १३० आधीच पैसे भरलेल्या. सीओडीच्या ४९ परत आल्या. कोणी फोन उचलला नाही, कोणी म्हणालं आता नको. आधी पैसे भरलेल्यांतल्या फक्त ६ आल्या, त्या नंबर बसला नाही म्हणून. एकूण ५५ परत, २७० पोचल्या. शंभरातल्या ८३. पॅनेलला या ५५ परत आलेल्या जोडांची खबर नसते. ज्या क्षणी गिऱ्हाईकानं ऑर्डरचं बटण दाबलं, त्या क्षणी त्याच्या लेखी विक्री झाली. म्हणून दादाच्या साखळीत मी आणखी एक खण वाढवला, पोचण्याचं प्रमाण, ०.८३. एवढ्यानंच साडेचार लाखांचे पावणेचार लाखांच्या आत आले, आणि मूळ मुद्द्याला तर अजून हातही लावला नव्हता.

मूळ मुद्दा असा. पहिल्या वीस हजारांचा उतारा आणि सहाव्या वीस हजारांचा उतारा एक नसतो.

याचं कारण जाहिरातीच्या यंत्रणेतच आहे. तुम्ही थोडे पैसे लावता तेव्हा मेटा किंवा गुगल ती जाहिरात आधी अशा लोकांना दाखवतं, जे घेण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे: कोल्हापुरी शोधणारे, चपलांची पानं बघणारे, तुमच्या साइटवर येऊन गेलेले. हा जवळच्या फडातला ऊस. पैसे वाढवले की ती माणसं पुरत नाहीत. मग एकतर त्याच माणसांना तीच जाहिरात पुन्हा पुन्हा दिसते, किंवा चपलेशी फारसा संबंध नसलेल्यांना दाखवावी लागते. जाहिरातीची जागा लिलावानं विकली जाते, त्यामुळे जास्त जागा हवी तर महागडे लिलावही जिंकावे लागतात. क्लिकचा खर्च चढतो, उतारा उतरतो. दोन्ही बाजूंनी मार बसतो.

दादाच्या वहीत हे दिसत होतं, फक्त तशा नजरेनं कोणी बघितलं नव्हतं. तीन महिन्यांत त्यानं तीन वेगवेगळी बजेटं लावली होती. डिसेंबरला २०,००० रुपये: क्लिक ७ रुपयांना, उतारा २.२ टक्के, ऑर्डरी ६३. फेब्रुवारीला ४०,०००: क्लिक साडेसात रुपयांना, उतारा २.१, ऑर्डरी ११२. जानेवारीला ६०,०००: क्लिक ८ रुपयांना, उतारा २ टक्के, ऑर्डरी १५०. आकड्यांतला बदल इतका बारीक आहे, की महिना-महिना बघताना कोणाच्या डोळ्यांत येत नाही. उतारा २.२ चा २ झाला, क्लिक रुपयानं महागलं, त्यात काय एवढं!

पण वजाबाकी करून बघा. पहिल्या वीस हजारांनी ६३ ऑर्डरी आणल्या. बजेट चाळीस केलं तेव्हा जादाच्या वीस हजारांनी आणल्या ४९. साठ केलं तेव्हा त्याच्यावरच्या वीस हजारांनी ३८. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या पाऊणपटीहून किंचित जास्त. हीच घसरण पुढे धरली तर चौथी पायरी ३०, पाचवी २३, सहावी १८. सगळी बेरीज २२१. म्हणजे दिवाळीचा जोर बाजूला ठेवला, तर एक लाख वीस हजारांत ३०० नाही, २२१ ऑर्डरी.

इथं कोणीही विचारेल, तीनच महिन्यांवरून एवढं कसं सांगता? प्रश्न रास्त आहे. बजेट जर महिन्यागणिक वाढतच गेलं असतं, तर उतारा पैशामुळे पडला की दिवस सरले म्हणून, हे कळलं नसतं. दादाचं नशीब असं, की त्याचा क्रम वीस, साठ, चाळीस असा झाला होता. जानेवारीत वाढवून फेब्रुवारीत कमी केलं, तेव्हा उताराही परत वर आला. म्हणून घसरण बजेटमुळेच आहे यावर मी भरवसा ठेवला. तरी चौथी, पाचवी आणि सहावी पायरी कोणी चढून बघितलेली नाही, ते अंदाजच आहेत. साठ हजारांच्या पुढे जितकं जाऊ, तितका तो अंदाज पातळ होत जाणार. मागे कधी लावलेल्या सर्वांत मोठ्या बजेटच्या दीडपटीपलीकडचा आकडा मी स्वतः कोणाला छातीठोकपणे देत नाही.

मग दिवाळीचा जोर. हे तीन महिने मी मुद्दाम निवडले. जून ते सप्टेंबर दादाचा उतारा एक टक्क्याच्या आसपास रेंगाळतो, कारण पावसात कातडी चप्पल कोण घालणार? भिजली की तळ फुगतो, रंग उतरतो. पावसाळ्याचा उतारा घेऊन दिवाळी मोजली तर अंदाज अर्ध्यावर येईल. म्हणून कोरड्या महिन्यांचा पाया घेतला आणि त्यावर सणाची वाढ चढवायची ठरवलं. ती कुठून आणायची? गेल्या दिवाळीच्या महिन्यात दादानं ४०,००० लावले होते आणि जाहिरातीच्या १४० ऑर्डरी आल्या होत्या. तेवढ्याच पैशात फेब्रुवारीत ११२. भागाकार केला तर सव्वापट. बजेट दोन्हीकडे सारखंच असल्यामुळे तुलना सरळ आहे. साठ हजारांचा जानेवारी आणि चाळीस हजारांची दिवाळी यांची तुलना केली असती, तर बजेटचा परिणाम आणि सणाचा परिणाम एकात एक मिसळले असते.

पायऱ्यांना सव्वानं गुणलं की दिवाळीच्या पायऱ्या मिळतात: ७९, ६१, ४७, ३८, २९, २२. बेरीज २७६.

दादाचा चेहरा जरा खुलला. "म्हणजे तीनशेच्या जवळच की! मग अडलं कुठं?"

अडलं शेवटच्या दोन पायऱ्यांवर. एका जोडातून दादाच्या हाती काय राहतं ते आम्ही मांडलं. १,५०० ची चप्पल. कारागिराची मजुरी आणि कातडं मिळून ६२०, पॅकिंग आणि कुरिअर ११०, पैसे वळते करून घेण्याचा खर्च २०. उरले ७५०. पण शंभर ऑर्डरींतल्या ८३ च पोचतात, आणि परत येणाऱ्या सतरांवर जाण्या-येण्याचं कुरिअर धरून प्रत्येकी २०० रुपये अंगावर पडतात. ८३ गुणिले ७५० मधून १७ गुणिले २०० वजा केले आणि शंभरनं भागलं, तर एका ऑर्डरीमागे साधारण ५९० रुपये. ही दादाची रेघ. एक ऑर्डर आणायला ५९० पेक्षा जास्त जाहिरात लागली, तर ती ऑर्डर न आलेली बरी.

आता पायऱ्यांकडे बघा. चौथी पायरी, म्हणजे साठ हजारांवरून ऐंशी हजारांवर जाणं: २०,००० भागिले ३८, दर ऑर्डरीला ५२६ रुपये. रेघेच्या आत. पाचवी: २०,००० भागिले २९, जवळपास ६९०. रेघेच्या बाहेर. सहावी तर ९०० च्या वर. शेवटच्या चाळीस हजारांतून ५१ ऑर्डरी येतील आणि त्यांतून दादाच्या हाती तीस हजार पडतील. दहा हजारांचा खड्डा. आणि हा खड्डा महिन्याच्या सरासरीत दिसतच नाही. एक लाख वीस हजार भागिले २७६ केलं तर दर ऑर्डरीला ४३५ रुपये येतात, रेघेच्या चांगलं खाली, सगळं आलबेल. पहिल्या पायऱ्यांची कमाई शेवटच्या पायऱ्यांचा तोटा झाकून टाकते. मला या सगळ्या हिशेबात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. पॅनेल सरासरी दाखवतं, आणि आपला निर्णय असतो पुढच्या वीस हजारांचा.

म्हणून बजेट ऐंशी हजारांवर थांबवलं. अंदाज २२५ ऑर्डरी, त्यांतल्या पोचणार १८७, विक्री २,८०,५०० रुपये.

हा आकडा असाच कारागिराला सांगायचा का? नाही. कारण २२५ हा मधला आकडा आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना किती डोलायला जागा आहे हे कळल्याशिवाय माल भरणं धोक्याचं. यासाठी एक सोपी युक्ती आहे. मोजलेल्या ऑर्डरींचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा, आणि तेवढं खाली-वर धरा. ११२ चं वर्गमूळ साडेदहाच्या आसपास, दुप्पट २१. म्हणजे फेब्रुवारीसारखाच महिना, तेच बजेट, तीच चप्पल, तरी नुसत्या योगायोगानं ९१ ते १३३ यांतलं काहीही येऊ शकलं असतं. १४० च्या जागी ११६ ते १६४. असे दोन डगमगते आकडे एकमेकांनी भागून आपण ती सव्वापट काढली आहे. खरी पट जेमतेम एक असू शकते, किंवा दीडही असू शकते. ढोबळमानानं चौथा हिस्सा खाली, चौथा हिस्सा वर. २२५ चे झाले १७० ते २८० ऑर्डरी. विक्री दोन लाख दहा हजारांपासून साडेतीन लाखांपर्यंत.

दादाला हा पट्टा फार रुंद वाटला. "हे तर कोणीबी सांगंल," म्हणाला. पण पट्टा रुंद आहे कारण हाती एकाच दिवाळीचे आकडे आहेत. या दिवाळीचे आकडे नीट टिपून ठेवले, तर पुढच्या वर्षी तो आपोआप अरुंद होईल. आणि लहान आकड्यांचं हे डगमगणं माहीत नसलं की काय होतं, ते मी बघितलं आहे. एका जाहिरातीला ९ ऑर्डरी आणि दुसरीला ५ आल्या, म्हणून पहिलीला सगळं बजेट वळवायचं. नवाचं वर्गमूळ तीन, दुप्पट सहा. त्या दोन जाहिरातींत खरा फरक काही नसण्याचीच शक्यता जास्त.

सरासरी बिलाबद्दल एकच सांगतो. जानेवारीत एका लेझीम पथकानं एकदम तीस जोड घेतले होते. ती खरेदी फोनवरून ठरली होती, म्हणून मी ती सरासरीत धरली नाही. धरली असती तर सरासरी बिल चढलं असतं आणि दिवाळीत असं पथक पुन्हा येईल असं आपण न बोलता गृहीत धरलं असतं.

मालाचा निर्णय पट्ट्याच्या खालच्या टोकावरून घेतला. १७० जाहिरातीच्या ऑर्डरी, आणि जाहिरातीशिवाय येणाऱ्या दिवाळीच्या हिशेबानं पंचवीस-सव्वीस. म्हणजे दोनशे जोडांच्या आत-बाहेर. वरच्या टोकापर्यंत जायची वेळ आली तर आणखी शंभरेक जोडांचं कातडं आणि तळ कापून ठेवायचे, पण शिवायचे नाहीत. नुसतं कापलेलं कातडं पूर्ण चप्पल होईपर्यंत दादाचे फार पैसे अडकवत नाही. शिवलेला सहा नंबरचा जोड मात्र गिऱ्हाईक येईपर्यंत मांडणीवर पडून राहतो.

पहिला आठवडा संपला की पट्टा तपासायचा, हेही ठरलं. ऐंशी हजार चार आठवड्यांत, म्हणजे आठवड्याला वीस. अपेक्षा ५६ ऑर्डरींची, आणि वर्गमुळाच्या युक्तीनं ४१ ते ७१ पर्यंत सगळं ठीक. बजेट एका रात्रीत चौपट करायचं नाही. मेटाची यंत्रणा कुठल्याही मोठ्या बदलानंतर पुन्हा शिकायला बसते, आणि त्या शिकण्याला आठवड्यात साधारण ५० खरेद्या लागतात. तोवर आकडे अस्थिर असतात. शिवाय पहिल्या तीन-चार दिवसांचा उतारा नेहमीच कमी दिसतो, कारण आज क्लिक केलेला माणूस घरात विचारून, पगार झाल्यावर, चार दिवसांनी घेतो. मंगळवारी घाबरून जाहिरात बंद करणारे लोक शनिवारच्या ऑर्डरी घालवून बसतात.

४१ च्या खाली गेलं, तर साखळीतली कुठली कडी तुटली ते बघायचं, आणि प्रत्येक कडीचा आकडा आधीच लिहून ठेवायचा म्हणजे नंतर वाद नको. क्लिक साडेआठ रुपयांना मिळावं अशी अपेक्षा आहे. ते बारा रुपयांवर गेलं असेल, तर दिवाळीच्या लिलावात मोठ्या कंपन्या उतरल्या आहेत, किंवा तीच जाहिरात त्याच माणसांना फार वेळा दिसते आहे. पॅनेलवर फ्रिक्वेन्सी नावाचा रकाना असतो, तो बघितला की या दोघांतलं कुठलं ते कळतं. क्लिक स्वस्तच आहेत पण उतारा अपेक्षित २.४ टक्क्यांऐवजी दीडवर आला, तर गडबड जाहिरातीत नाही, आपल्या पानावर आहे. मागे एकदा असंच झालं होतं. जाहिरात तीच, क्लिक तेवढेच, आणि ऑर्डरी एकदम निम्म्यावर. दोन दिवस आम्ही जाहिरातीचे फोटो बदलत बसलो. मग दादाच्या मुलीनं साइट उघडून दाखवलं: आठ नंबर संपला होता. पुरुषांच्या चपलांत सगळ्यात जास्त जाणारा नंबर, आणि पानावर तिथं करडी रेघ. लोक येत होते, आठ नंबर दाबून बघत होते आणि परत जात होते. प्रत्येक क्लिकचे आठ रुपये मात्र कापले जात होते.

आणि ऑर्डरी भरपूर आल्या तरी सीओडीचा वाटा बघायचा. साठ टक्क्यांचा पंचाहत्तर झाला, तर शंभरातल्या सतराऐवजी वीस जोड परत येतील आणि ५९० ची रेघ साडेपाचशेच्या आसपास खाली येईल. मग चौथी पायरीही काठावर येते. आधी पैसे भरणाऱ्याला पन्नास रुपये सूट द्यायची की नाही, याचं उत्तर या हिशेबातूनच निघेल.

सगळं मांडून होईपर्यंत दुकान बंद करायची वेळ झाली होती. दादानं वहीतल्या ३०० वर रेघ मारली, शेजारी १७० ते २८० लिहिलं आणि फोन लावला.

"दोनशे जोड धरा. आणि आठ नंबर जरा जादाच काढा."